धुरकऱ्याची पाच सुरांची ओळ: एका लघुपटाच्या संगीताच्या नोंदी

२ डिसेंबर

भाच्यानं पटकथा पाठवली. सोळा मिनिटांचा लघुपट, यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव, नायक शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, छकडा हाकणारा तरुण धुरकरी. पटावर २०१४ मध्ये बंदी येते, पाठोपाठ नापिकी, आणि तो जोडीतला एक बैल बाजारात विकून येतो. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाची सशर्त परवानगी येते तेव्हा तो नवी जोडी जुळवून पट जिंकतो. नायक पूर्ण सिनेमात जेमतेम वीस वाक्यं बोलतो. भाचा म्हणतो, "मामा, बाकीचं तुम्ही बोला."

म्हणजे लाइटमोटिफ हवा. नायकाची स्वतःची एक छोटी धून, जी कानावर पडली की तो पडद्यावर नसला तरी आठवला पाहिजे. ती तीन जागी लागेल: सुरुवातीला शेताकडे जाताना, मध्ये बाजारातून परतताना आणि शेवटी पटावर. तीन गाणी करायची नाहीत, एकच ओळ तीनदा वेगळी झाली पाहिजे.

घाई अशी की पहिल्या प्रसंगात नायक शिट्टी वाजवत छकडा हाकतो. ती शिट्टी हीच धून असेल तर चित्रीकरणाआधी ती नटाच्या तोंडी बसायला हवी. चित्रीकरण १३ तारखेपासून.

५ डिसेंबर

तीन दिवस पेटीवर अकरा धुनी काढल्या. सगळ्या गोड आणि सगळ्या फेकल्या. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळे हात आपोआप सोळा मात्रांची भरलेली ओळ काढतो. ती ऐकायला छान असते, पण मोडता येत नाही. लाइटमोटिफ इतका लहान हवा की त्याचा एखादा सूर काढला तरी काय काढलं ते ऐकणाऱ्याला कळावं.

शेवटी सूर बाजूला ठेवले आणि आधी लय शोधली. शेजारच्या वावरात वखर चालू होता. वखरकरी बैलाला म्हणत होता, "चाल रे राजा". पाच अक्षरं. 'चा' एक मात्रा, 'ल' आणि 'रे' अर्धी-अर्धी, 'रा' दोन मात्रा ताणलेला, आणि 'जा' सोडून दिलेला, चार मात्रा. लय मिळाली. सूर त्यावर अर्ध्या तासात बसले:

मंद्र प – सा – रे – प – ग

यात दोन उड्या आहेत, मंद्र प वरून सा आणि रे वरून प. दोन्ही सारख्याच मापाच्या. मग शेवटी आवाज ग वर उतरून उघडा राहतो, सा वर येऊन बसत नाही. हे मुद्दाम ठेवलं. नायकाचं काम बाकी आहे, तर धूनही बाकी असावी. मिनिटाला ७६ मात्रांच्या लयीत पूर्ण ओळ सव्वासहा सेकंदांची होते.

रात्री भजन आटोपल्यावर मंडळातल्या चौघांना दोनदा वाजवून दाखवली आणि चहा झाल्यावर गुणगुणायला सांगितलं. तिघांना जमली. चौथ्यानं लय बरोबर धरली पण सूर भलतेच लावले, तरी बाकीच्यांनी ती हीच म्हणून ओळखली. यातून कळलं की ओळख लयीत आणि चढउतारात आहे, नेमक्या सुरात कमी. पुढे काहीही बदललं तरी 'चाऽ लरे राऽऽ जाऽऽऽ' हे माप मोडायचं नाही.

१६ डिसेंबर

चित्रीकरण झालं. नटानं शिट्टी वाजवली, पण प्रत्येक शॉटला वेगळ्या पट्टीत. माणसाची शिट्टी असते तशीच आली, तिला पेटीत ओढायचं नाही असं ठरवलं. शिट्टी संपली की पाच-सहा सेकंद फक्त चाकांचा आणि घुंगरमाळांचा आवाज ठेवू, मग बासरी येईल. मधल्या त्या जागेत कान पहिली पट्टी विसरतो.

शंकरपट मात्र खराच चालू होता, तिथलं डफडं आणि घुंगरमाळांचे आवाज वेगळे ध्वनिमुद्रित करून आणले.

२१ डिसेंबर

बासरीसाठी आबांना गाठलं. वय सत्तरीच्या पुढे, गुरं राखत शिकलेले, बासरी स्वतः बांबूची केलेली. तिचा सा माझ्या पेटीच्या पांढरी दोनपेक्षा थोडा चढा, मोजला तर साधारण एकतीस सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा जवळपास तिसरा हिस्सा. त्यांना दुसरी बासरी देणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून चालायला लावणं. म्हणून संगणकावरच्या प्रकल्पाचीच मूळ पट्टी ४४० हर्ट्झवरून ४४८ केली. बाकी सगळी वाद्यं तिच्या मागे जातील.

एक गोष्ट फुकटात मिळाली. सहाही भोकं बंद केली की आबांच्या बासरीवर मंद्र प येतो. म्हणजे आपली धून बासरीच्या अगदी तळाच्या सुरापासून सुरू होते. तिथे आवाज कमी आणि वारा जास्त असतो. पहिल्या आणि दुसऱ्या प्रसंगाला हे फार शोभेल. तिसऱ्याला हाच सूर अडचण करणार, कारण डफड्याखाली तो ऐकूच येणार नाही.

ध्वनिमुद्रणाला जागा हवी होती. आमच्याकडे भाव वाढेल या आशेनं एक खोली कापसानं छतापर्यंत भरलेली आहे, मध्ये फक्त दोन माणसं बसतील एवढी बोळ. तिथे टाळी वाजवून पाहिली तर घुमणं शून्य. शहरातल्या स्टुडिओत भिंतींना पैसे देऊन जे लावतात ते आमच्याकडे भावाची वाट पाहत पडलंय. अडचण एकच, अर्ध्या तासात अंगाला खाज सुटते. आणि मुद्रण मोटारपंपाची लाइन गेल्यावरच करायचं, नाहीतर प्रत्येक सुराखाली गुणगुण येते.

पहिला प्रसंग तिथे तीन टेकमध्ये झाला. बासरी, खाली सा-प धरलेली पेटी, आणि शेवटचा ग संपताना दोन्ही बैलांच्या घुंगरमाळा.

२८ डिसेंबर

दुःखाचा प्रसंग. एक मिनिट पन्नास सेकंद. नायक बाजारातून पायी परततोय, खांद्यावर रिकामा कासरा, घरी एकच बैल बांधलेला.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच: शेवटचा ग कोमल केला, लय अर्ध्यावर आणली, खाली संगणकातली व्हायोलिनं. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, कोणती मालिका लागलीय म्हणून. भाच्याला आवडलं. मला पटलं नाही, आणि कारण शोधायला दोन दिवस लागले. कोमल ग लावल्यावर नायकच रडका होतो. पण हा माणूस तसाच आहे जसा सकाळी शेतात होता, बदलली आहे ती त्याच्या पायाखालची जमीन. मग सूर त्याचेच राहू देत, जमीन हलवू.

आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. धूनमधले सूर सगळे भूपाच्या घरातले: सा रे ग प ध. यातला ध वापरलेला नाही, पण घर तेच. सूर तेच ठेवून दुसऱ्या सुराला सा मानलं की राग बदलतो. ग ला सा मानलं की मालकंस मिळतो, ध ला सा मानलं की धानीचे सूर मिळतात. म्हणजे आबांनी एकही बोट बदलायचं नाही, फक्त पेटीवर धरलेला खालचा सूर बदलायचा.

दोन्ही करून पाहिले. ग धरला तेव्हा धूनचा शेवटचा सूर थेट नव्या सा वर येऊन बसला. गंभीर झालं, पण संपल्यासारखं वाटलं, जणू घरात कोणी गेलंय. बैल विकला आहे, नायक मेला नाही. ध धरला तेव्हा शेवटचा ग नव्या सा चा पंचम झाला. बसतो, पण आतून पोकळ. हाच पाहिजे होता.

३० डिसेंबर

कागदावर बरोबर होतं ते कानाला लागेना. बासरी आणि पेटीवर धरलेला ध चा आधार एकाच वेळी सुरू केले तर ऐकणाऱ्याचा कान पहिल्या प्रसंगातला सा धरूनच बसतो. सूर तेच असल्यामुळे त्याला जुनी जमीन आठवते आणि खालचा ध चुकून दाबला गेल्यासारखा वाटतो. आधार बासरीच्या चौदा सेकंद आधी आणला, नायक बाजाराच्या फाटकातून बाहेर पडतो तिथेच. पेटीची एकच रीड, सप्तकं जोडणारा कपलर बंद, भाता अगदी हळू. चौदा सेकंदांत कान नव्या जमिनीवर उभा राहतो आणि मग बासरी आली की तीच ओळ उदास होऊन येते. सात सेकंदही करून पाहिले होते, ते पुरले नाहीत.

धून पूर्ण प्रसंगात एकदाच. पहिल्यांदा मी ती तीनदा घातली होती, तिसऱ्यांदा ती विनवणी करू लागली.

३ जानेवारी

कापसाच्या खोलीत पुन्हा आबा. आज वेगळीच गंमत झाली. ग वर थांबायचं सांगूनही ते प्रत्येक वेळी पुढे रे-सा लावून घरी येत. एकदा, दोनदा, सहा वेळा. मी हात वर करायचो, ते डोळे मिटून सा वर यायचेच.

"आबा, ग वर सोडा ना."

"असं कसं सोडू बापा? अर्ध्यात गाणं सोडलं तं कसंतरीच वाटते."

त्यांचं चूक नव्हतं. आयुष्यभर भजनाचं धृपद सा वर आणून टेकवलेलं. मी त्यांना सांगत होतो एक आणि त्यांच्या कानात चालू होतं दुसरं, कारण हेडफोनचा एक भाग ते कानावरून सरकवून बसले होते. उघड्या कानाला आधार ऐकू येत नव्हता आणि मनातला जुना सा त्यांना ओढत होता. हेडफोन दोन्ही कानांवर नीट बसवले, ध चा आधार थोडा मोठा दिला आणि अर्धा मिनिट नुसतं ऐकायला लावलं. मग वाजवायला सांगितलं. या वेळी प वरून ग वर आले आणि तिथेच थांबले. थांबल्यावर डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, फुंक मात्र तशीच धरलेली, सूर हळूहळू नुसता वारा होत गेला. तोच टेक ठेवला. लय दाखवणारा क्लिक कानात दिला नव्हता, 'रा' त्यांनी दोनऐवजी जवळपास तीन मात्रा ताणलाय, पण माप ओळखू येतं.

नंतर मला म्हणाले, "सा पायाखालून काढून घेतला तुम्ही."

घुंगरमाळ या प्रसंगात एकच ठेवली, शेवटी अंगणात बांधलेल्या बैलाची.

६ जानेवारी

भाच्यानं कच्चा मिश्रण केलेला प्रसंग मोबाइलवर ऐकला आणि फोन केला: "मामा, हे तर आनंदी वाटतं."

माझ्याकडे तसं वाटत नव्हतं. त्याच्यासारखं मोबाइलवर ऐकलं तेव्हा कळलं. आधार मी खालच्या सप्तकात धरला होता, साधारण १२५ हर्ट्झवर, आणि मऊ वाटावा म्हणून त्याचे वरचे सगळे आवाज फिल्टरनं कापले होते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला इतका खालचा सूर काढताच येत नाही. आधार गायब, बासरी एकटी, आणि कानानं लगेच जुना सा परत बसवला. पूर्ण दुःख एका फिल्टरमध्ये गेलं. फिल्टर काढला, पेटीचा वरच्या सप्तकातला ध हलकेच जोडला. पेटीची खरखर आता ऐकू येते, ती येऊ दे. बहुतेक लोक हा सिनेमा मोबाइलवरच पाहणार आहेत.

१२ जानेवारी

पटाचा प्रसंग. पहिला प्रयत्न भाच्याच्या सांगण्यावरून: दुप्पट लय, ढोल-ताशा, धून चारदा. मंडळाला ऐकवलं. एकानं विचारलं, "पोट्ट्याचं गाणं कुठं गेलं?" ते होतं, चारदा होतं, पण दुप्पट वेगात 'राऽऽ' ताणायला जागा राहिली नाही आणि उड्या गडबडीत दिसेनाशा झाल्या. वेग म्हणजे विजय नव्हे हे मला जर्मन संगीतकार वाग्नरच्या एका गोष्टीवरून माहीत असायला हवं होतं. त्याच्या सीगफ्रीडची शिंगाची हाक तरुणपणी उड्या मारत, तीन-तीनच्या ठेक्यात येते. पुढच्या ऑपेरात तो मोठा झाल्यावर तीच हाक रुंद पावलं टाकत, चार मात्रांत, मोठ्या पितळी वाद्यांवर येते. मोठी झाली ती सावकाश होऊन.

मग असं केलं. डफडं १५२ च्या लयीत, म्हणजे पहिल्या प्रसंगाच्या बरोबर दुप्पट. धूनचे सूर मात्र लिहिताना दुप्पट लांब केले, आठ मात्रांची ओळ सोळा मात्रांत. हिशेब पाहिला तर ती पुन्हा सव्वासहा सेकंदांचीच होते. म्हणजे नायक शेताकडे जाताना जितक्या सावकाश होता तितकाच पटावर आहे, आजूबाजूची माती तेवढी धावतेय. डफडं, बैलांचे खूर, लोकांचा ओरडा खाली, आणि वर ती ओळ आपल्या चालीनं.

वाद्य सनई. बासरीचा तळाचा मंद्र प इथे मेला असता. सनईवाल्यांची सनई अर्ध्या सुरानं चढी निघाली, तर या प्रसंगाचा सा तिच्याच पट्टीला नेला. या प्रसंगाआधी मिनिटभर शांतता आहे, त्यामुळे पट्टी बदलल्याचं कुणाला कळत नाही, फक्त उजेड वाढल्यासारखं वाटतं. सनई आणि घुंगरमाळा यांचे वरचे तीक्ष्ण आवाज एकमेकांत घुसत होते. सनई वाजते तिथे घुंगरमाळा बऱ्याच खाली घेतल्या. त्या सहा सेकंदांत त्यांची आठवण कुणाला येत नाही.

आणि शेवटचा सूर. आतापर्यंत प वरून ग वर उतरत होतो. इथे प वरून तार सा वर गेलो. ही नवी उडी धूनमधल्या पहिल्या दोन उड्यांच्याच मापाची आहे, त्यामुळे बाहेरून चिकटवल्यासारखी वाटत नाही. बदल एका सुराचा. हा बदल एकदाच, छकडा रेषा ओलांडतो त्या फ्रेमवर. त्याआधी पटाच्या प्रसंगात धून फक्त दोनदा, दोन्ही वेळा ग वर उघडी सोडलेली.

१७ जानेवारी

संकलन "पक्कं" झालं असं सांगितल्यावर भाच्यानं धावेतला एक शॉट चौदा फ्रेमनी कापला. आपला सिनेमा सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे ०.५६ सेकंद गेले. ऐकताना सनईचा तार सा रेषेनंतर अर्ध्या सेकंदानं येतो आणि सगळा विजय उशिरा पोचलेल्या बसवाणी वाटतो.

मध्ये कुठे अर्धी मात्रा कापली तर डफड्याचा ठेका अडखळतो. त्यापेक्षा सगळा भाग किंचित पळवला. प्रसंगाच्या सुरुवातीपासून त्या सुरापर्यंत ९६ मात्रा आहेत. १५२ च्या लयीत त्या ३७.९ सेकंद घेतात, आता ३७.३४ हवेत. ९६ ला ६० नं गुणून ३७.३४ नं भागलं की लय १५४.३ येते. डफड्याचं ध्वनिमुद्रण दीड टक्का आवळून बसवलं, स्वर हलू दिले नाहीत. कुणाला कळलं नाही, डफडेवाल्यांनाही नाही. चार-पाच टक्क्यांवर गेलं असतं तर थापेचा आघात चिरफाळलेला ऐकू आला असता, मग पुन्हा वाजवून घ्यावं लागलं असतं.

भाच्याला सांगितलं, आता कात्री हातात घेतलीस तर डफडं तूच वाजव.

२३ जानेवारी

शेवटचं मिश्रण. पूर्ण सिनेमात धून सहा वेळा: शिट्टी, बासरी, बाजाराच्या वाटेवर एकदा, पटावर दोनदा उघडी, एकदा वर. शीर्षकांवर घालायची भाच्याची इच्छा होती, नाही म्हटलं. तार सा च्या नंतर ती परत ग वर उतरवली तर जिंकलेलं मागे घेतल्यासारखं होईल. शीर्षकांवर नुसतं डफडं.

संध्याकाळी आबांना लॅपटॉपवर पटाचा प्रसंग दाखवला. हेडफोन त्यांनी या वेळी स्वतःच दोन्ही कानांवर बसवले. रेषा आली, सनई वर गेली, त्यांनी मांडीवर थाप मारली.

"आला ना सा वर! मंग मले काऊन थांबवलं व्हतं?"